मुंबई–लंडन रात्रीचं विमान : झोप नीट लागावी म्हणून

(आमच्याकडून तिकीट घेणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

लंडनला मुलांकडे निघालेले आईवडील आमचे नेहमीचे ग्राहक. पुण्याहून संध्याकाळी गाडीने निघायचं, रात्री अकराच्या आत मुंबई विमानतळावर पोचायचं, मध्यरात्रीनंतरचं विमान पकडायचं आणि सकाळी लंडनला उतरायचं, असा त्यांचा प्रवास असतो. सामान, व्हिसा, विमा यांची चौकशी सगळेच करतात. झोपेची चौकशी मात्र बहुतेक जण विमानात बसल्यावर करतात, आणि तोवर जागा ठरलेली असते, चहा पिऊन झालेला असतो. म्हणून हे पत्रक तिकिटाबरोबरच देतो.

आधी हिशोब

विमान रात्री २ ला सुटतं आणि हिवाळ्यात लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाला उतरतं असं धरू. तेव्हा आपल्याकडे दुपारचे १२ वाजलेले असतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा. उड्डाणानंतर तासाभरात जेवण येतं. ट्रे उचलून दिवे मंद होईपर्यंत आपले सव्वाचार वाजतात. उतरण्याच्या दोन तास आधी, म्हणजे आपल्या दहाच्या सुमारास, दिवे पुन्हा लागतात आणि नाश्ता येतो. जेवण घेतलंत तर झोपेला पावणेसहा तास मिळतात. जेवण नाकारून पावणेतीनला डोळे मिटलेत तर सव्वासात.

हा दीड तास दिसतो त्याहून मोलाचा आहे. भारतात राहणाऱ्याचं शरीर पहाटे तीन ते सहा या वेळेत झोपेला सगळ्यात तयार असतं. सकाळचे सात-आठ वाजले की ते आपोआप जागं व्हायला लागतं, बाहेर कितीही अंधार असो. म्हणजे चांगली झोप पहिल्या तीन-चार तासांतच मिळते, आणि नेमका तोच वेळ आपण पनीरच्या भाजीची वाट बघण्यात घालवतो. आमचा आग्रह असा, की रात्री आठला घरी किंवा वाटेत नेहमीचं हलकं जेवून घ्या आणि विमानातलं पहिलं जेवण सरळ नको म्हणा. मधुमेह असेल, रात्रीच्या औषधाबरोबर खावं लागत असेल, तर मात्र उपाशी झोपू नका. काय खायचं आणि कधी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी ठरवून घ्या.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमधला संध्याकाळी सातचा चहा रात्री बारालासुद्धा निम्मा अंगात असतो.

जागा कोणती घ्यावी

‘झोपायचं तर खिडकी’ हे एकट्या प्रवाशासाठी खरं आहे. डोकं टेकायला भिंत मिळते आणि बाहेर पडण्यासाठी कुणी तुम्हाला उठवत नाही. खिडकीही बाजू बघून निवडा. मान डावीकडे कलवून झोपायची सवय असेल तर विमानाच्या डाव्या बाजूची, म्हणजे A अक्षराची जागा.

पण जोडप्याला, विशेषतः दोघांपैकी एकाला रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागत असेल तर, आम्ही खिडकी सुचवत नाही. उदाहरणच घेऊ. काका बहात्तर वर्षांचे, प्रोस्टेटचा त्रास. काकूंना एकदा झोप मोडली की परत लागत नाही. हौसेने खिडकी आणि मधली जागा घेतली, तर पॅसेजच्या बाजूला अनोळखी माणूस येतो. काका त्याला उठवायला संकोचतात, तास-तास दाबून बसतात, आणि झोप कुणालाच लागत नाही. त्यांना आम्ही विमानाच्या मधल्या भागातली पॅसेजची जागा आणि तिच्या शेजारची जागा देतो. लांब पल्ल्याच्या विमानांत खुर्च्या बहुधा ३-३-३ किंवा ३-४-३ अशा असतात. मधल्या भागाला दोन्हीकडे पॅसेज असतो, त्यामुळे त्याच रांगेतला तिसरा प्रवासी पलीकडच्या बाजूने उठून जातो, तुमच्या अंगावरून नाही. काका पॅसेजला बसले की हवं तेव्हा उठतात, काकूंना कुणी हलवत नाही. भिंत मिळत नाही हा एक तोटा, तो मानेच्या उशीने भरून काढायचा. उशी मागच्या बाजूला पातळ असलेली घ्या. मागे जाड असली की डोकं पुढे ढकललं जातं आणि सकाळी मान धरते. खुर्चीच्या डोकं टेकायच्या भागाचे दोन्ही कान पुढे वळतात का तेही बघा. पुष्कळांना ते वळतात हेच माहीत नसतं.

काही जागा फुकट मिळाल्या तरी टाळाव्यात. स्वच्छतागृहाजवळ रात्रभर दार वाजतं आणि रांग उभी राहते. पँट्रीजवळ उजेड आणि बोलणं असतं. सगळ्यात पुढच्या भिंतीसमोर पाय मोकळे राहतात, पण बाळांचे पाळणे तिथेच अडकवतात, आणि ट्रे खुर्चीच्या हातातच बसवलेला असल्याने दोन खुर्च्यांमधला हात वर होत नाही. शेवटच्या रांगेची पाठ बऱ्याच विमानांत मागे जात नाही. आणीबाणीच्या दाराच्या आधीच्या रांगेचंही अनेकदा तसंच. इंजिनांचा आवाज पंखांच्या मागे जास्त येतो, म्हणून जमेल तितकं पुढे.

डोळ्यांवरची पट्टी

केबिनमध्ये पूर्ण अंधार कधीच नसतो. शेजारच्याचा पडदा, पायाशी दिवे, आणि मध्येच कुणीतरी लावलेला वाचायचा दिवा. डोळ्यांवर उजेड आला की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन शरीर कमी बनवतं. जाताना विमान पश्चिमेकडे, रात्रीबरोबर धावतं, त्यामुळे बाहेर अंधार बराच टिकतो. पट्टीची खरी गरज परतीच्या प्रवासात लागते. हिवाळ्यात लंडनहून रात्री साडेनऊला निघालात तर पूर्वेकडे जाताना सूर्य समोरून येतो, आणि उतरायला तीन-चार तास असतानाच लख्ख उजाडतं. काही नव्या विमानांच्या खिडक्यांना सरकता पडदा नसतो, काच बटणाने गडद होते. ती पूर्ण काळी होत नाही, सूर्य निळसर गोळ्यासारखा दिसतच राहतो.

विमानात मिळणारी सपाट पट्टी पापण्यांवर दाबते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड आत सोडते. डोळ्यांपुढे खोलगट वाटी असलेली पट्टी घ्या. तिच्या आत पापण्यांची उघडझाप करता आली पाहिजे. घरीच तपासा : ट्यूबलाइटखाली बसून ती लावा, डोळे उघडा आणि खाली नाकाकडे बघा. उजेडाची रेघ दिसली तर ती पट्टी परत करा, दुसरी बघा. मागचं वेल्क्रो किंवा बकल डोक्याच्या मधोमध न येता बाजूला यावं, नाहीतर टेकल्यावर रुततं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर पट्टी लावण्याआधी काढून ठेवा. केबिनची हवा फार कोरडी असते, लेन्स डोळ्याला चिकटतात. आणि सीटबेल्ट ब्लँकेटच्या वरून बांधा, म्हणजे तो बांधलाय का हे बघायला कर्मचाऱ्यांना तुम्हाला उठवावं लागणार नाही.

दारूचा घोट झोपेसाठी नको

‘एक पेग घेतला की छान झोप लागते’ हे आम्ही फार ऐकतो. झोप लवकर लागते हे खरं. पण जमिनीवरसुद्धा दारूची झोप उत्तरार्धात तुटक होते, लघवीला वारंवार उठावं लागतं आणि घोरणं वाढतं. विमानात त्यात हवेची भर पडते. केबिनमधला दाब समुद्रसपाटीवरचा नसतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या ठिकाणासारखा असतो. त्यामुळे बसल्याजागी रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. झोपेत आणखी.

जर्मनीतल्या संशोधकांनी हे मोजलं आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. १८ ते ४० वयाच्या निरोगी माणसांना विमानाइतका दाब असलेल्या खोलीत चार तास झोपवलं. दारू न घेता झोपलेल्यांचा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या आसपास आला. झोपण्याआधी बिअरच्या दोन कॅनइतकी दारू घेतलेल्यांचा ८५ टक्क्यांपर्यंत उतरला, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ७३ च्या जागी ८८ पडत राहिले. कोविडच्या दिवसांत बोटाला ऑक्सिमीटर लावलेल्या प्रत्येकाला ८५ म्हणजे काय ते आठवत असेल. ही तरुण, धडधाकट माणसं होती. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असलेल्या साठी-सत्तरीच्या प्रवाशाने हा धोका घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर तर नाहीच. श्वासासाठी सीपॅप मशीन वापरत असाल तर तिकीट काढतानाच सांगा, विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

झोपेची गोळी

शेजाऱ्यांनी दिलेली, किंवा घरात उरलेली एक गोळी खिशात टाकून अनेक जण येतात. काय होतं ते सांगतो. अशा गोळीने माणूस नुसता झोपत नाही, हलायचं थांबतो. रात्री कूस बदलणं, पाय लांब करणं, पाणी प्यायला उठणं, सगळं बंद. चार तासांहून लांबच्या प्रवासात तासन्‌तास न हलता बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. एरवी हा धोका कमीच असतो, पण वय, जाडेपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आधी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. मग गोळी घेऊन त्यात भर कशाला?

दुसरी गोष्ट जाग येण्याची. झोल्पिडेमसारखी गोळी घेऊन मध्येच उठवलं गेलं तर माणूस उठून चालतो, बोलतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. झोपेत केलेल्या अशा कृतींमुळे गंभीर इजा झाल्या, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. विमानात आणीबाणी झाली तर मिनिट-दीड मिनिटात बाहेर पडायचं असतं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळीनेही गुंगी येते आणि तोंड कोरडं पडतं. म्हातारपणी तिने लघवी अडकू शकते, प्रोस्टेटवाल्यांना विशेषतः. गोळी आणि दारू एकत्र घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो. हे कधीच करू नका.

डॉक्टरांनी रोजची म्हणून दिलेली झोपेची गोळी मात्र प्रवासासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्याचाही त्रास होतो. प्रवासाचे तास सांगून डॉक्टरांनाच विचारा आणि चिठ्ठी मूळ पाकिटासह हातातल्या बॅगेत ठेवा.

झोप मध्येच मोडली तर ती संधी समजून पॅसेजमधून एक फेरी मारा, बसल्या बसल्या टाचा आणि चवडे वर-खाली करा, पाणी प्या. लंडनला पोचल्यावर, किंवा पुढच्या काही आठवड्यांतही, एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, ब्रिटनमध्ये ९९९ फिरवा.

तिकीट काढायला याल तेव्हा रात्री किती वेळा उठता, कोणत्या बाजूला मान कलते आणि कोणती औषधं चालू आहेत, हे सांगा. बऱ्याच विमान कंपन्या जागा आधी निवडायचे वेगळे पैसे घेतात. ते किती, हे आम्ही तिकिटाच्या रकमेबरोबरच दाखवू.