झोपायच्या खोलीचं तापमान आणि झोप

झोपायच्या खोलीचं तापमान : झोप लागणं, टिकणं आणि गाढ होणं यावर खोलीतल्या हवेच्या तापमानाचा जो परिणाम होतो त्याबद्दलची ही नोंद. यात दमटपणा, पांघरूण, अंगावरचे कपडे आणि भिंती-स्लॅबमधून येणारी धग हे सगळं आलंच, कारण नुसतं थर्मामीटर बघून काही कळत नाही. नोंदीतली उदाहरणं कोल्हापूर शहरातली घेतलीत आणि लहान बाळं, म्हातारी माणसं यांच्यासाठी काय बदलायचं ते पुढं वेगळं दिलंय.

शरीराचं काम : माणसाचं आतलं तापमान दिवसभर सारखं नसतं. संध्याकाळी ते सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जातं आणि पहाटे साधारण चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली येतं, हा फरक सुमारे एक अंश सेल्सिअसचा असतो. हे उतरण्यासाठी शरीर हातापायांच्या कातडीकडं रक्त जास्त पाठवतं आणि तिथून उष्णता बाहेर टाकतं, म्हणून झोप यायच्या आधी तळवे कोमट होतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या क्राउखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नेचरमध्ये दाखवलं की पाय गरम असले की झोप लवकर लागते. आता खोलीच इतकी तापलेली असली की कातडीतून उष्णता जायलाच जागा नाही, तर हे उतरणं रखडतं आणि माणूस कूस बदलत बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वप्नांच्या झोपेत (रेम झोप) शरीराचं तापमान सांभाळणं ढिलं पडतं, घामही कमी येतो, आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून उकाडा असो की गारठा, पहाटेकडं त्याचा त्रास वेगळाच जाणवतो.

अठरा अंशांचा वाद : इंटरनेटवर सगळीकडं एकच आकडा फिरतो, १८ अंश सेल्सिअस. कोल्हापुरात एप्रिलमध्ये हा आकडा वाचून एसी अठरावर लावणारे लोक मी बघितलेत, आणि पहाटे तीच माणसं दोन चादरी घेऊन कुडकुडत असतात. हा आकडा कुठल्या एका संशोधनातून आलेला दिसत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होऊन तो तयार झाला असावा. अमेरिकेतला नेहमीचा सल्ला ६० ते ६७ फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपंधरा ते साडेएकोणीस सेल्सिअस. ब्रिटनमध्ये बाळांच्या खोलीसाठी १६ ते २० सांगतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांबद्दलच्या मार्गदर्शनात १८ आहे खरं, पण ते थंडीत घर याच्या खाली जाऊ देऊ नका असं सांगायला, झोप छान लागावी म्हणून नाही. खालची मर्यादा लोकांनी ध्येय करून टाकली.

याच्या अगदी उलट टोकाला हॅस्केल आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा प्रयोग आहे. त्यात पुरुषांना जवळजवळ उघड्या अंगानं, पांघरुणाशिवाय २१ ते ३७ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत झोपवलं, आणि झोप सगळ्यात चांगली आली ती २९ च्या आसपास, २१ ला तर बिघडली. मग खरं काय, अठरा की एकोणतीस? तर दोन्ही, कारण मोजायची जागाच चुकतीये. झोपणाऱ्याला खोलीची हवा लागत नाही, पांघरूण आणि अंग यांच्यामधली हवा लागते. जपानमधल्या ओकामोतो-मिझुनो आणि मिझुनो यांनी २०१२ च्या आढाव्यात ही अंथरुणातली हवा साधारण ३२ ते ३४ अंश आणि ४० ते ६० टक्के दमट असते असं नोंदवलंय. जाड रजई घेऊन अठराच्या खोलीत झोपणारा आणि पातळ चादरीत सत्तावीसला झोपणारा, दोघंही अंगालगत त्याच हवेत असतात. या नोंदीत हेच मत जास्त पटण्यासारखं धरलंय. त्याच आढाव्यात असंही आहे की उष्णतेबरोबर दमटपणा वाढला की जाग जास्त येते आणि गाढ झोप अजून घटते.

कोल्हापूरचा घोळ : इथं रात्रीची हवा तशी वाईट नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, मे महिन्यातही पहाटे बाहेर बावीस-तेवीसपर्यंत उतरतं. अडचण घरात आहे. जुन्या पेठांमधली कौलारू, जाड भिंतींची घरं माडीवर दुपारी तापायची पण रात्री कौलांच्या फटींतून मोकळी व्हायची, आता वर काँक्रीटचा स्लॅब आहे आणि तो दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळनंतर खाली सोडत बसतो. रात्री अकराला शेवटच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा, नुकत्या उतरवलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटतं. वरचा पंखा तीच स्लॅबखालची तापलेली हवा खाली ढकलतो, म्हणून लोक म्हणतात पंख्याचं वारंच गरम येतंय.

एक उदाहरण घेऊ. वरच्या मजल्यावरची एक खोली, मे महिना, त्यात आठ महिन्यांचं बाळ, त्याचे आईबाप आणि पलीकडच्या खोलीत चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, एसी नाही. रात्री साडेदहाला आत ३२, गॅलरीत २७. दुपारीच खिडक्या उघड्या टाकून ठेवल्या म्हणून हे झालेलं असतं, हवा येऊ दे म्हणून उघडतात आणि बाहेरची छत्तीस-सदतीसची हवा आत घेतात. उलट करायचं. सकाळी नऊ-साडेनवाला खिडक्या आणि पडदे बंद, आणि संध्याकाळी बाहेरचा काटा आतल्यापेक्षा खाली गेला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या, त्यासाठी दोन स्वस्त थर्मामीटर पुरतात, एक आत, एक गॅलरीत सावलीला. वळीव पडून गेला असेल तर लगेच उघडायच्या, पण त्या रात्री हवा दमट असते तेव्हा पंखा लागतोच. गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारला असेल तर स्लॅब मुळातच कमी तापतो. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब, फोमच्या गादीवर सतरंजी किंवा जाड सुती चादर टाकायची, कारण फोम पाठीखालची उष्णता धरून ठेवतो आणि पाठ ओली होते. टेबलफॅन थंड बाजूच्या खिडकीजवळ ठेवून हवा आत ओढायची, मच्छरदाणी असेल तर वारं बरंच अडतं म्हणून फॅन जवळ आणावा लागतो. एवढं करून बारापर्यंत २९ च्या आत आलं तर पातळ सुती कपड्यात मोठ्या माणसाची झोप व्यवस्थित होते.

लहान बाळं : बाळाचं अंग त्याच्या वजनाच्या मानानं मोठं असतं, त्यामुळं ते गारही लवकर पडतं आणि तापतंही लवकर, आणि स्वतः पांघरूण काढू शकत नाही. डोकं आणि चेहरा ही त्याची उष्णता बाहेर टाकायची मोठी जागा. म्हणून मे महिन्यात टोपरं, वर कुंची, वर दुपट्यात आवळून आणि वारं लागेल म्हणून पंखा बंद, हे बाळाला खरंच धोक्याचं आहे, घामोळं येतं तो त्यातला सगळ्यात साधा प्रकार. झोपेत अचानक मृत्यू होण्याच्या प्रकारांत जास्त गरम होणं आणि पालथं झोपवणं यांचा संबंध १९९० च्या सुमाराच्या ब्रिटनमधल्या अभ्यासांतून पुढं आला, म्हणून बाळाला उताणंच झोपवायचं, आणि घरात झोपताना डोकं मोकळं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना खोलीचा आकडा सांगतच नाही, मोठ्या माणसाला त्या खोलीत जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा फार तर एक थर जास्त एवढंच सांगते, आणि कोल्हापूरसाठी ब्रिटिश १६-२० पेक्षा हेच उपयोगाचं. वरच्या उदाहरणातल्या बाळाला रात्री एक सुती झबलं आणि लंगोट पुरे, पहाटे चारला गॅलरीतून गार यायला लागलं की लांब बाह्यांचं झबलं, सुटी चादर नको कारण ती तोंडावर येते. पंख्याचा झोत थेट अंगावर नको, हवा खोलीत फिरली पाहिजे.

तपासायचं ते छातीवर किंवा मानेच्या मागं दोन बोटं ठेवून. हातपाय गार लागणं लहान बाळात नेहमीचं आहे, तेवढ्यावरून आजी अजून एक दुपटं घालते आणि तिथंच चुकतं. मान ओलसर, छाती गरम, गाल लाल, श्वास भरभर असेल तर एक थर काढायचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उकाड्यात पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा द्यायचं. कमी दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर प्रकरण वेगळं, तिथं भीती गारठ्याची जास्त असते, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरणं हा उत्तम उपाय आणि बाकी डॉक्टर सांगतील तसं. वर्ष-दोन वर्षांची पोरं रात्री पांघरूण लाथाडतातच, त्यांच्या अंगातच पुरेसे कपडे घालावेत.

म्हातारी माणसं : वय वाढलं की घाम उशिरा आणि कमी येतो, कातडीकडं रक्त कमी जातं, तहानही कळत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी अजून कमी होतं. बोस्टनमध्ये बनियासादी आणि सहकाऱ्यांनी घरातच राहणाऱ्या ५० ज्येष्ठांच्या सुमारे ११ हजार रात्री मोजल्या (२०२३), त्यात झोप सगळ्यात चांगली २० ते २५ अंशांत होती, आणि २५ वरून ३० ला गेल्यावर झोपेची कार्यक्षमता, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी खरी झोप किती लागली ती, पाच ते दहा टक्क्यांनी घटली. आठ तास अंथरुणात असलेल्या माणसाचा हिशोब केला तर ही रात्रीची साधारण २४ ते ४८ मिनिटं झाली. अर्थात माणसामाणसात फरक खूप होता आणि ती घरं बोस्टनची, त्यामुळं पंचवीस ही रेघ इथं जशीच्या तशी ओढू नये.

आपल्या उदाहरणातल्या आजोबांचं म्हणणं असतं, मला थंडी वाजते, पंखा बंद करा. खोलीत तीस अंश आणि तरी थंडी, घरातल्यांना वाटतं हट्ट आहे, पण बहुतेक वेळा त्यांचे पाय गार असतात आणि झोत अंगावर येत असतो. पंखा चालूच ठेवून झोत भिंतीकडं वळवायचा, पायात सुती मोजे, आणि वाकळ किंवा चादर पायथ्याला घडी करून ठेवायची म्हणजे पहाटे चारला ते स्वतः ओढून घेतात. झोपायच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्यानं अंघोळ केली किंवा पाय बुडवले तर झोप लवकर लागते, पाय गरम होऊन मग शरीर उतरतं, वरच्या क्राउखींच्या गोष्टीसारखंच. शुगर असलेल्यांनी पाणी दुसऱ्याकडून बघून घ्यावं आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू नये, पायाला संवेदना नसेल तर फोड आलेलं सकाळीच कळतं. रात्री आजोबा बरळायला लागले, उठवूनही नीट बोलेनात आणि अंग तापलेलं असेल तर ओल्या कापडानं पुसत, वारा घालत सरळ दवाखाना गाठायचा.

एसी असेल तर बाळ, आईबाप आणि आजोबा अशा सगळ्यांसाठी २६-२७ आणि पंखा हळू, ही बहुतेक घरांत जमणारी तडजोड. भारतात २०२० पासून नवीन एसी मुळात २४ वरच सुरू होतात, तोही उन्हाळ्यात पातळ चादरीवर म्हाताऱ्या माणसाला कधीकधी जास्तच गार पडतो.

पावसाळ्यात तापमानाचा प्रश्न जवळपास नसतो, अंथरूण दमट राहतं तो असतो, गादीला ऊन मिळेल तेव्हा द्यावं. थंडीत पहाटे पंधराच्या आसपास उतरतं तेव्हा म्हाताऱ्यांना घोंगडं आणि कानटोपी, आणि बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावायचं नाही, त्या धुराला वास नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस मारतो. शेक द्यायचाय तर दार-खिडकी उघडी ठेवून द्यायचा आणि सगळे झोपायच्या आधी शेगडी बाहेर.