नेटकडे जायचं की थांबायचं: ॲप्रोच शॉटची पार्श्वभूमी

1877 साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा जाळी आजच्यापेक्षा बरीच उंच होती: खांबांपाशी पाच फूट, मध्यभागी सव्वातीन फूट. स्पेन्सर गोर या खेळाडूने त्यातली मेख ओळखली. कडेने चेंडू काढायचा तर तो पाच फुटांवरून न्यावा लागणार आणि तेवढा उंच गेलेला चेंडू रेषेच्या आत टेकवणं कठीण. म्हणजे नेटजवळ उभ्या राहिलेल्या माणसाने मधला भाग सांभाळला की पुरे. गोर पुढे सरकत राहिला, चेंडू टप्पा पडण्याआधीच मारत, म्हणजे व्हॉली करत राहिला आणि अंतिम सामना 6-1, 6-2, 6-4 असा जिंकला.

पुढच्याच वर्षी त्याला उत्तर मिळालं. फ्रँक हॅडो सिलोनमध्ये मळेवाला होता आणि सुट्टीवर इंग्लंडला आला होता. कडेने वाट नाही, तर त्याने चेंडू गोरच्या डोक्यावरून काढायला सुरुवात केली आणि तीन सेटमध्ये त्याला हरवलं. पुढे 1882 पर्यंत खांबांपाशी जाळीची उंची साडेतीन फुटांवर आली, ती आजही तेवढीच आहे. नेटवर आलेल्या माणसाला आता कडेनेही चुकवता येऊ लागलं. ॲप्रोच शॉटची गरज माझ्या मते इथूनच सुरू होते. नुसतं पुढे धावणं पुरेसं राहिलं नाही. आधी असा फटका मारायचा, की समोरच्याला कडेने, तिरकस किंवा डोक्यावरून यांपैकी एकही वाट सहज घेता येऊ नये.

या फटक्याचं गणित पक्कं केलं ते 1940 च्या दशकात अमेरिकेच्या जॅक क्रेमरने. क्लिफ रोश नावाच्या टेनिसवेड्या इंजिनिअरने त्याला टक्केवारीचा विचार शिकवला होता: कोणत्या जागेवरून कोणता फटका जास्त वेळा गुण देतो, ते पाहायचं आणि तोच पुन्हा पुन्हा खेळायचा. त्यातून डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ मारायच्या ॲप्रोचचा नियम आला. त्याचं कारण कोर्ट डोळ्यांसमोर आणलं की कळतं.

कोर्टाची मागची रेषा, म्हणजे बेसलाइन, नेटपासून 39 फुटांवर, सर्व्हिस लाइन 21 फुटांवर. समजा, समोरच्याचा फटका आखूड पडला आणि तुम्ही सर्व्हिस लाइनवर उजव्या बाजूला, फोरहँडला आहात. व्हॉलीसाठी उभं राहायची जागा नेटपासून साधारण दहा-बारा फुटांवर, म्हणजे जेमतेम दहा फूट पुढे. चेंडूला मात्र समोरच्या बेसलाइनपर्यंत साठ फूट जायचं आहे. सरळ रेषेत मारला, तर तुम्हीही चेंडूच्या मागोमाग सरळ जाता आणि मध्यरेषेच्या थोडं उजवीकडे थांबता. समोरच्याच्या दोन्ही पासिंग शॉटच्या, म्हणजे तुम्हाला चुकवून चेंडू काढायच्या वाटांच्या बरोबर मध्ये तुम्ही असता. तोच चेंडू क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरकस मारलात, तर उभं राहायची जागा मध्यरेषेच्या पलीकडे सरकते. पुढेही जायचं आणि आडवंही, आणि तेवढ्यात समोरचा तुमच्या उघड्या पडलेल्या डाव्या बाजूने सरळ फटका काढतो. समोरचा उजव्या हाताने खेळत असेल, तर डाउन द लाइन चेंडू त्याच्या बॅकहँडलाही जातो, हा वरचा फायदा.

हेच गणित बेसलाइनवरून मांडून पाहा. आता नेटच्या जागेपर्यंत जवळपास 28 फूट आहेत. समोरचा रॅकेट फिरवतो, तेव्हा तुम्ही अजून मधल्या पट्ट्यात धावत असता आणि चेंडू पायांशी येतो. म्हणून जुने प्रशिक्षक सांगत, की सर्व्हिस लाइनच्या आसपास पडलेल्या चेंडूवरच पुढे जा, बेसलाइनजवळ पडलेल्यावर नको. स्लाइसचा, म्हणजे चेंडू कापून उलटी फिरकी देणाऱ्या फटक्याचा आग्रहही यातूनच आला. स्लाइस सावकाश जातो, तुम्हाला पावलं टाकायला वेळ देतो आणि टप्पा पडल्यावर खाली राहतो, त्यामुळे समोरच्याला चेंडू खालून वर उचलावा लागतो. त्याची रॅकेट पुढे यायला लागली की तुम्ही जिथे असाल तिथे दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन थांबायचं. नेट अजून दूर असलं तरीही. धावत राहिलेला खेळाडू बहुतेक वेळा बाजूने जाणाऱ्या चेंडूकडे बघत राहतो.

हे सगळं हिरवळीवर शोभून दिसायचं आणि 1974 पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा हिरवळीवरच होत. फक्त पॅरिसच्या फ्रेंच ओपनला माती. मातीवर चेंडू मंदावतो आणि वर उसळतो. फटका तोच, पण समोरच्याला एक श्वास जास्त मिळतो.

या एका श्वासाची किंमत 1984 च्या जून-जुलैने दाखवली. अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो त्या वर्षी जवळजवळ अजिंक्य होता. पॅरिसच्या अंतिम सामन्यात त्याने चेकोस्लोव्हाकियाच्या इव्हान लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट 6-3, 6-2 असे घेतले, तेही मातीवर नेटकडे जात. मग लेंडलने टॉपस्पिन लॉब, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी देऊन डोक्यावरून काढलेला चेंडू, आणि क्रॉसकोर्ट बॅकहँड यांचं मिश्रण सुरू केलं. डोक्यावरून चेंडू जाण्याची भीती असली की नेटवरचा माणूस नकळत एक पाऊल मागे राहतो, आणि त्याच पावलाच्या जागेतून तिरकस चेंडू निघून जातो. हॅडोचंच उत्तर ते, शंभर वर्षांनी, टॉपस्पिन घालून. लेंडल पुढचे तीन सेट 6-4, 7-5, 7-5 असे जिंकला. चार आठवड्यांनी विम्बल्डनच्या हिरवळीवर त्याच मॅकेन्रोने कॉनर्सला 6-1, 6-1, 6-2 असं हरवलं. मला हे दोन सामने शेजारी ठेवून बघायला नेहमी आवडतं. माणूस तोच, बदललं होतं ते पायाखालचं कोर्ट.

त्यानंतर साधनंही बदलत गेली. मोठ्या डोक्याची रॅकेट 1976 मध्येच बाजारात आली होती. तिच्यामुळे ताणून मारलेला फटकाही आत पडू लागला. 1997 मध्ये गुस्तावो कुएर्तेनने पॉलिएस्टरच्या तारा वापरून पॅरिस जिंकलं, आणि त्या तारा सगळीकडे पसरल्या. त्यांच्यामुळे फिरकी इतकी वाढली, की जोरात मारलेला पासिंग शॉट नेट ओलांडताच खाली बुडून व्हॉली करणाऱ्याच्या बुटांपाशी येऊ लागला. 2001 मध्ये विम्बल्डनने पूर्णपणे राय गवताचं कोर्ट केलं, टप्पा उंच झाला आणि पुढच्याच वर्षी हेविट आणि नालबांदियान यांनी तिथला अंतिम सामना बेसलाइनवरून खेळला.

ॲप्रोच शॉट संपला नाही, पण पुढे जायची खूण बदलली. पूर्वी आपल्याकडे आलेल्या चेंडूवरून ठरायचं: आखूड आहे, म्हणून जा. आता नुसता आखूड चेंडू पुरेसा नाही. आपला फटका गेल्यावर समोरच्याकडे बघावं लागतं. तो चेंडूत पाऊल टाकून पुढे येत असेल, खांदा पूर्ण वळवू शकत असेल, तर थांबलेलं बरं. तो मागच्या पायावर गेला, एका हाताने ताणून चेंडू गाठायला लागला किंवा रॅकेटचा दर्शनी भाग उघडा करून स्लाइस करायला निघाला, की चेंडू वर तरंगत येणार हे नक्की. आणि तो पाठमोरा किंवा खाली बघत असतानाच पुढे सरकायचं, म्हणजे त्याला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कार्लोस अल्काराझचं खेळणं पाहा. जोरदार फोरहँड मारून तो क्षणभर बेसलाइनच्या आत थबकतो, समोरच्याचा तोल गेलेला दिसला की धावत सुटतो आणि व्हॉली बऱ्याचदा सर्व्हिस लाइनपाशीच घेतो, नेटला चिकटून नाही. विल्यम रेनशॉ 1880 च्या दशकात साधारण तिथेच उभा राहून व्हॉली मारायचा.