दौलताबादच्या अंधारीत शूटिंग: परवानगी कुठे अडते?

समजा, कथापटातली दोन दृश्यं दौलताबाद किल्ल्यावर घ्यायची आहेत. एक चांदमिनारच्या पायथ्याशी, उघड्यावर. दुसरं अंधारीत, म्हणजे वर चढत जाणाऱ्या त्या काळोख्या वाटेत. किल्ला एकच, अर्जही एकच, तरी पहिल्याला परवानगी मिळू शकते आणि दुसरं नाकारलं जाण्याचीच शक्यता जास्त.

याचं कारण 1959 च्या नियमावलीत आहे. केंद्र संरक्षित स्मारकाचा छताखाली असलेला प्रत्येक भाग 'आतला' धरला जातो, मग ते छत कसलंही असो. अशा भागात चित्रीकरणाची मुभा मिळते ती शिक्षणासाठी किंवा स्मारकाच्या प्रसिद्धीसाठी. माहितीपटवाल्यांना इथे बाजू मांडता येते, कथापटवाल्यांना अवघड जातं. त्यांनी अंधारीचा सेट लावलेला बरा.

आधी स्मारक कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. दौलताबाद, रायगड, शिवनेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत; राजगड, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. वापरात असलेली सरकारी इमारत असेल, तर ती ज्या खात्याकडे आहे त्याची परवानगी लागते.

पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अर्ज आता ई-परमिशन पोर्टलवरून करता येतो. नियमावलीनुसार तो चित्रीकरणाच्या किमान तीन महिने आधी द्यायचा असतो. म्हणजे 10 जानेवारीला कॅमेरा लावायचा, तर 10 ऑक्टोबर ही शेवटची तारीख. कलाकारांच्या तारखा त्यानंतर घ्या. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

अर्जात अर्जदाराचं व संस्थेचं नाव-पत्ता, स्मारकाचा नेमका भाग, हेतू, कलाकारांची संख्या, सुरू होण्याची तारीख आणि अंदाजे कालावधी लिहायचा. सोबत त्या दृश्यांचा पटकथेतला उतारा, संवादांसकट. हा उतारा मोघम ठेवू नका. 'नायक किल्ल्यावर येतो' एवढ्याने काही कळत नाही. 'दोन पात्रं मिनारसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहून बोलतात, भिंतीला काही टेकवलेलं नाही' असं लिहिलं, की स्मारकाला धोका आहे का हे वाचणाऱ्याला तिथेच ठरवता येतं. भागाचं नावही जपून लिहा, कारण परवाना तेवढ्याच भागापुरता असतो. चांदमिनार लिहून ऐनवेळी अंधारीकडे वळलात, तर तो परवान्याचा भंग ठरतो.

शुल्क दर स्मारकाला, दर दिवसाला आकारतात. अनामत वेगळी, ती परत मिळते. अर्ज भरताना चालू दर बघून घ्या.

प्रत्यक्ष दिवशी जनरेटर स्मारकापासून आणि बागेपासून लांब ठेवावा लागतो. दगडाला पाणी, तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही. त्यामुळे 'भिंत जरा ओली करा, छान चमकेल' ही कॅमेरामनची नेहमीची फर्माईश आधीच बाद करून टाका. पर्यटकांची वाटही अडवता येत नाही, म्हणून गर्दी चुकवायची तर वेळ सकाळची निवडा.

ड्रोन या परवान्यात धरू नका. त्याची परवानगी वेगळी काढावी लागते.