पाच ‘मला’ आणि एक बदललेला प्रश्न : ग्रुपमधल्या अनाथ उत्तरांची पार्श्वभूमी

एका ग्रुपवर ९ वाजून १० मिनिटांनी प्रश्न पडतो : ‘शनिवारी कोणाला जमणार नाही?’ ९.११ ला एक जण लिहितो, ‘मला’. ९.१३ ला दुसरी मूळ प्रश्न कोट करून लिहिते, ‘मला’. विचारणाऱ्याला वाटतं, नकारार्थी विचारून उगाच घोळ होतोय. ९.१६ ला तो मेसेज एडिट करतो : ‘शनिवारी कोणाला जमेल?’ मग ९.२० आणि ९.२२ ला आणखी दोघांचं ‘मला’ येतं, आणि ९.३१ ला पाचवं. रात्री कोणी ग्रुप उघडला तर त्याला एक प्रश्न दिसतो, खाली पाच होकार दिसतात आणि तो पाच माणसं धरून चालतो.

प्रत्यक्षात येणारे दोनच आहेत. पहिल्या दोघांनी नकार कळवला होता. पाचव्याचंही तेच, कारण त्याने ९.१२ लाच उत्तर लिहिलं होतं, पण त्याचा फोन रेंजबाहेर होता आणि ते उत्तर रेंज आल्यावर सुटलं. यात कोणी खोटं बोललेलं नाही आणि प्रश्न सुधारणाऱ्याचा हेतूही चांगलाच होता. तरीही ग्रुपवर आता जे दिसतं, ते संभाषण कधी झालंच नव्हतं.

या गोंधळाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. उत्तर ज्याला दिलं ते शब्द कुठे राहतात? उत्तरासोबत, की विचारणाऱ्याकडे?

यूजनेट या जुन्या चर्चामंचांच्या जाळ्याच्या काळात याचं उत्तर सरळ होतं. लेख एका संगणकावरून दुसऱ्याकडे हस्ते परहस्ते जायचे, त्यामुळे मूळ लेखाआधी त्याचं उत्तरच येऊन पोहोचणं नित्याचं होतं. म्हणून उत्तर देणारा समोरच्याच्या चार ओळी `>` लावून वर ठेवायचा आणि खाली आपलं म्हणणं मांडायचा. १९९५ च्या RFC 1855 या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात नेमकं हेच कारण देऊन सल्ला दिला आहे की मूळ मजकुरातलं संदर्भापुरतं उत्तरात घ्यावं. लेख मागे घेण्याची सोयही होती, `cancel` नावाचा संदेश पाठवून. पण तो मानायचा की नाही हे प्रत्येक सर्व्हरच्या मर्जीवर असे, आणि दुसऱ्याच्या नावाने बनावट `cancel` पाठवता येत असल्यामुळे अनेकांनी तो मानणंच सोडलं. मूळ लेख गेला तरी उत्तराचं काही बिघडत नसे, कारण प्रश्न त्याच्याच पोटात असायचा.

१९८८ मध्ये आयआरसी ही थेट गप्पांची प्रणाली आली तेव्हा दुसरं टोक गाठलं गेलं. तिथे कोट करणं नाही, पुसणं नाही, बदलणंही नाही. चूक झाली तर पुढच्या ओळीत तारा लावून योग्य शब्द लिहायचा. आजही अनेक जण बोटाच्या सवयीने तसं करतात आणि माझ्या मते एडिटपेक्षा ती पद्धत जास्त प्रामाणिक आहे. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते आणि मधे आलेली उत्तरं कोणत्या ओळीला होती तेही कळतं. पुढे २०११ मध्ये एक्सएमपीपी या मेसेजिंगच्या खुल्या प्रणालीत दुरुस्तीचा नियम लिहिला गेला, तोही फक्त शेवटच्या मेसेजपुरता. त्याचं नावच ‘लास्ट मेसेज करेक्शन’. दहा मेसेज मागे जाऊन प्रश्न पालटायचा, असं त्यात अपेक्षित नव्हतं.

खरा गुंता मोबाइलवर झाला, कारण तिथे तीन सोयी वेगवेगळ्या वेळी एकमेकींवर चढवल्या गेल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज कोट करून उत्तर देणं २०१६ मध्ये आलं, सगळ्यांसाठी डिलीट करणं २०१७ च्या अखेरीला आणि एडिट मे २०२३ मध्ये. टेलिग्रामने एडिट २०१६ मध्येच दिलं होतं आणि पाठवलेला मेसेज समोरच्याकडूनही काढण्याची सोय २०१७ च्या सुरुवातीला.

यातला ‘डिलीट’ हा शब्दच फसवा आहे. शेवटच्या टोकापर्यंत एन्क्रिप्ट केलेल्या चॅटमध्ये मधल्या सर्व्हरला मेसेज वाचता येत नाही, मग त्यातला शब्द खोडणं तर दूरच. तुम्ही ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबता तेव्हा काहीही पुसलं जात नाही. उलट आणखी एक मेसेज सुटतो. त्याचा आशय इतकाच असतो : ‘अमुक क्रमांकाचा मेसेज दाखवू नका.’ ग्रुपमधल्या प्रत्येक फोनला तो वेगळा मिळतो आणि प्रत्येक फोन त्याच्या वेळेला त्यावर अंमल करतो. एडिटही असंच : ‘अमुक क्रमांकाच्या जागी हा मजकूर दाखवा.’ एखाद्याचा फोन बंद असेल तर त्याच्याकडे जुना मजकूर तसाच बसलेला असतो. म्हणजे ही विनंती आहे, आणि तिला डिलीट म्हणायची आपल्याला सवय लागली आहे.

विनंती म्हटली की मुदत आली. व्हॉट्सअ‍ॅपवर डिलीटसाठी २०१७ मध्ये ती सात मिनिटं होती. मार्च २०१८ मध्ये ६८ मिनिटं १६ सेकंद झाली. हा आकडा विचित्र वाटतो, पण सेकंद मोजले तर ४,०९६ भरतात, म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकवाल्यांचा हा लाडका आकडा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत दोन दिवसांच्या पुढे गेली. वाढत्या मुदतीचा परिणाम सरळ आहे. सात मिनिटांत मेसेजखाली चारदोन उत्तरं आलेली असतात, दोन दिवसांत पूर्ण वाद होऊन मिटलेला असतो. मग कोणी मूळ ठिणगीच उचलून नेते आणि मागे चाळीस रागावलेली उत्तरं राहतात, कुणावर रागावलीत ते न कळणारी.

आता कोट केलेल्या उत्तराकडे येऊ, कारण सगळ्यात वादाचा निर्णय तिथे आहे. उत्तरावर जी छोटी चौकट दिसते, तिच्यात मूळ मजकूर भरायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे उत्तर पाठवतानाच मूळ मजकुराची प्रत त्यात बांधून पाठवायची. दुसरा म्हणजे फक्त मूळ मेसेजचा क्रमांक द्यायचा आणि चौकट दरवेळी त्या क्रमांकावर आत्ता जे आहे ते आणून दाखवेल. पहिला मार्ग व्हॉट्सअ‍ॅपचा, दुसरा टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड यांचा.

डिलीटची सोय आली तेव्हा पहिल्या मार्गावर टीका झाली. मूळ मेसेज पुसला तरी कोणी तो आधी कोट केला असेल तर चौकटीत शब्द तसेच राहतात, मग पुसण्याला अर्थ काय? टीका बरोबर होती. चुकून भलत्या ग्रुपवर गेलेला खासगी मजकूर एखाद्याच्या ‘हे काय?’ या उत्तराच्या डोक्यावर कायमचा बसून राहतो. दुसऱ्या मार्गात हा धोका नाही. तिथे चौकट रिकामी होते आणि मूळ मेसेज डिलीट झाल्याची नोंद तेवढी येते. उत्तर अनाथ होतं, पण ते अनाथ आहे हे वाचणाऱ्याला निदान कळतं.

एडिट आलं आणि पारडं उलटं फिरलं. ९.१३ च्या उत्तराचंच घ्या. तिच्या चौकटीत प्रत बांधलेली असेल आणि अ‍ॅपने ती नंतर बदलली नसेल, तर तिथे अजून ‘जमणार नाही?’ दिसतं. चौकटीवर बोट ठेवलं की स्क्रीन मूळ मेसेजवर उडी मारते आणि तिथे ‘जमेल?’ दिसतं. विसंगती डोळ्यांसमोर येते आणि माणूस थबकतो. पण चौकटीत नुसता क्रमांक असेल तर ती नवा प्रश्न आणून दाखवते : ‘शनिवारी कोणाला जमेल?’ आणि खाली तिचं ‘मला’. म्हणजे तिला कधी न विचारलेला प्रश्न अ‍ॅपने तिच्या उत्तरावर चिकटवला आणि तेही कुठलाही सांधा न दिसता. पुसण्याच्या बाबतीत क्रमांकाची चौकट बरी, बदलण्याच्या बाबतीत प्रतीची. दोन्ही सोयी देणाऱ्या अ‍ॅपला यातून सुटका नाही.

सुटका असलीच तर जुना मजकूर दाखवण्यात आहे. सिग्नलने २०२३ मध्ये एडिट दिलं, तेव्हा एडिटच्या खुणेवर बोट ठेवलं की आधीचे सगळे मजकूर दिसतील अशी सोय ठेवली. आयफोनच्या मेसेजेसमध्ये तर २०२२ च्या उन्हाळ्यात चाचणी चालू असतानाच हा बदल झाला. आधी इतिहास दिसत नव्हता. धमकीचा मेसेज पाठवून तो नंतर साळसूद करून ठेवता येईल, अशी टीका झाली आणि मग इतिहास दाखवणं व पाच एडिटची मर्यादा आली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र वेळेशेजारी ‘एडिट केले’ अशा अर्थाचा एकच शब्द येतो. काय बदललं ते नाही, कधी बदललं तेही नाही. वेळ दिसते ती मूळ पाठवण्याची, आणि एडिटची नवी सूचनाही कोणाला जात नाही. एक स्वल्पविराम सुधारला आणि ‘नाही’ काढून टाकला, दोन्हींची खूण सारखीच. खासगीपणाचा मुद्दा मी नाकारत नाही, पण ज्याला मजकूर खरंच लपवायचा आहे त्याच्यासाठी डिलीट आहेच की.

तरी त्या एका शब्दावरून थोडं ओळखता येतं. एडिटची मुदत १५ मिनिटं आहे. म्हणजे ९.१० च्या मेसेजखालची साधारण ९.२५ पर्यंतची उत्तरं संशयित धरायची : ती जुन्या मजकुराला असतील किंवा नव्या. त्यानंतरची बहुधा नव्यालाच. ‘बहुधा’ अशासाठी की ९.३१ चं ते पाचवं ‘मला’ नेमकं या हिशोबातून निसटतं. उत्तर कधी लिहिलं ते कुठेच दिसत नाही, कधी सुटलं तेवढंच दिसतं.

आणि अंगठ्यांचं तर विचारूच नका. शब्दांऐवजी इमोजीने उत्तर देण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ मध्ये आली. अशा प्रतिक्रियेत मूळ मजकुराची प्रत नसते, फक्त क्रमांक असतो. मेसेजच्या खाली किती अंगठे आहेत ते दिसतं, कोणाचे ते दिसतं, पण त्यातला कुठला ९.१६ च्या आधीचा आणि कुठला नंतरचा, हे दिसत नाही. वरच्या ग्रुपमध्ये पाच ‘मला’ शिवाय तीन अंगठेही होते. शेवटी विचारणाऱ्याने प्रत्येकाला वेगळा फोन केला. तिघांपैकी एकाला आपण अंगठा नेमका कशाला दाखवला होता, ते आठवतच नव्हतं.