एजंटचा अधिकार काढून घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि नोटीस देण्याची पद्धत

एजंटला काढून टाकलं म्हणजे त्याने दिलेल्या शब्दातून मालक मोकळा झाला, असं अनेकांना वाटतं. कायदा तसं मानत नाही. एजंटला तुम्ही आतून जे सांगितलेलं असतं, तो त्याचा खरा अधिकार. बाहेरच्या माणसाला तुमच्या वागण्यावरून जो अधिकार दिसतो, तो दर्शनी अधिकार. खरा अधिकार एका पत्राने संपतो, दर्शनी अधिकार मात्र समोरच्याला कळेपर्यंत चालूच राहतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 208 चं म्हणणं हेच आहे: अधिकार संपणं एजंटपुरतं लागू होतं ते त्याला कळल्यावर आणि तिसऱ्या पक्षापुरतं लागू होतं ते त्या पक्षाला कळल्यावर.

यावरचा जुना इंग्लिश निकाल 1857 चा, समर्स विरुद्ध सॉलोमन. सॉलोमन यांच्या दागिन्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक समर्स यांच्याकडून माल मागवायचा आणि सॉलोमन पैसे चुकते करायचे. व्यवस्थापकाने नोकरी सोडली, तरी पुढे सॉलोमन यांच्याच नावावर दागिने उचलले आणि पसार झाला. पैसे सॉलोमन यांनाच द्यावे लागले. आधीची बिलं भरून त्यांनीच या माणसाला ‘माझा’ म्हटलं होतं आणि आता तो माझा नाही, हे समर्सना कोणी कळवलंच नव्हतं.

पात्रता

एजंट नेमणारा सज्ञान आणि सुदृढ मनाचा हवा (कलम 183). एजंट कोणीही होऊ शकतो. तो अज्ञान असला तरी त्याने केलेला व्यवहार मालक आणि तिसरा पक्ष यांच्यात टिकतो. फक्त मालकाला त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही. अधिकार सहसा केव्हाही काढून घेता येतो. पण ज्या मालमत्तेसाठी एजंट नेमला आहे तिच्यात त्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर कलम 202 नुसार करारात तशी स्पष्ट तरतूद नसताना त्या हिताला धक्का लावून तो काढता येत नाही. नोटीस लिहायला घेण्याआधी हे तपासा.

कागदपत्रे

मूळ मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र, कंपनी असेल तर अधिकार रद्द करणारा संचालक मंडळाचा ठराव, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एजंटने आजवर ज्यांच्याशी व्यवहार केले त्यांची यादी. ही यादी जुन्या बिलांवरून आणि ऑर्डरवरून काढा, एजंटच्या आठवणीवर विसंबू नका. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर ते रद्द केल्याचा दस्तही नोंदवून घ्या.

पद्धत

एजंटला लेखी कळवा आणि पोच घ्या. मूळ कागद, शिक्के, लेटरहेड, ईमेल खातं त्याच दिवशी परत घ्या. त्यानंतर यादीतल्या प्रत्येकाला वेगळं पत्र द्या: अमुक तारखेपासून या व्यक्तीला आमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार नाही. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस अनोळखी लोकांसाठी ठीक आहे. नेहमीचा पुरवठादार मात्र ‘मी ती वाचलीच नाही’ म्हणू शकतो, म्हणून त्याला थेट पत्रच हवं.

एक उदाहरण घेऊ. खरेदी अधिकाऱ्याला एका वेळी 50 नगांपर्यंत ऑर्डर देण्याची अंतर्गत मर्यादा आहे. पण तो दोन वर्षं 200-200 नग मागवतो आणि कंपनी बिलं भरत राहते. 1 तारखेला त्याला काढलं, 9 तारखेला त्याने पुन्हा 200 नग मागवले. पुरवठादाराला ना मर्यादा माहीत, ना बडतर्फी. कलम 237 आणि 208 मिळून कंपनी बांधली जाते, कारण मर्यादेपलीकडचा अधिकार आहे असा समज कंपनीच्याच वागण्याने झाला.

आता त्याच ऑर्डरमध्ये ‘माल माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा’ असं लिहिलेलं असेल, तर चित्र पालटतं. संशय यावा असं काही समोर असताना चौकशी न करणाऱ्या पुरवठादाराला दर्शनी अधिकाराचा आधार सहज मिळत नाही. आणखी एक गोष्ट पुरवठादार हमखास विसरतात: ‘मला अधिकार आहे’ हे एजंटने स्वतः सांगून भागत नाही. तसा समज मालकाच्या बोलण्यातून, वागण्यातून किंवा त्याने दिलेल्या पदातून झालेला असावा लागतो.

नोटीस देऊनही अनधिकृत ऑर्डरचा माल दारात आला, तर तो वापरू किंवा विकू नका. ठेवून घेऊन विकलात तर तो व्यवहार तुम्ही मान्य केला असं धरलं जातं (कलम 197), आणि कलम 199 नुसार मान्यता अर्धी देता येत नाही. माल घेतला की एजंटने कबूल केलेला दर आणि मुदतही गळ्यात पडते. माल तसाच बाजूला ठेवा आणि नाकारत असल्याचं त्याच दिवशी लेखी कळवा.