माहेरचं नाव, सासरचं नाव आणि उताऱ्यावरचं 'उर्फ'

लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अनेक घरांत होती. त्याचा पेच वर्षांनी वडिलांच्या जमिनीवर वारसा लावताना समोर येतो. समजा, शाळेच्या दाखल्यावर नाव आहे मंगल आणि आधारवर सुमन. वडिलांचं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे, आधारवर नवऱ्याचं. मग नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, विचारणारच: ही मंगल आणि ही सुमन एकच कशावरून?

इथे 'उर्फ' कामाला येतं. मूळ अरबी शब्दाचा रोख 'ओळखलं जाणारं' असा आहे. इंग्रजी कागदात त्यासाठी एलियस लिहितात, कन्नडमध्ये 'ಯಾನೆ' म्हणजे 'याने' किंवा उर्फच, आणि पोलीस-कोर्टाच्या कागदांत बऱ्याचदा नुसतं @ दिसतं. अर्थ एकच: माणूस एक, नावं दोन. उर्फ लावलं म्हणजे नाव बदललं असं मात्र नाही. जुनं नाव कायमचं सोडायचं असेल तर गॅझेटची वाट वेगळी.

सुमनने आधी दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर करून नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावं. त्यात 'सुमन उर्फ मंगल' एवढंच लिहून भागत नाही. कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे, वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव काय, नाव कधी व कशामुळे बदललं, हे सगळं यायला हवं. मजकूर कन्नडमध्ये असला तर तलाठ्याला पुन्हा भाषांतर मागावं लागत नाही. आधारवरचं नाव आधी, जुनं नाव उर्फनंतर.

पण प्रतिज्ञापत्र हे शेवटी आपणच आपल्याबद्दल सांगितलेलं. म्हणून सोबत दोन्ही नावांना जोडणारा कागद द्या: शाळेचा दाखला, विवाह नोंदणी दाखला, जुनं रेशन कार्ड. लग्नपत्रिका एकटी कमजोर, इतर कागदांच्या जोडीला ठीक. त्यानंतर वडिलांचा मृत्यू दाखला आणि वंशावळ. वंशावळीतही तिचं नाव 'सुमन उर्फ मंगल' असंच हवं. बरेच अर्ज इथेच अडकतात, कारण भाऊ माहेरचं एकच नाव सांगून मोकळे होतात. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीची मुदत असते. तिच्या ओळखीवरच हरकत आली तर तहसीलदारांकडे सुनावणी होते. तिथेही वाद मिटला नाही तर दिवाणी कोर्ट.

'परशराम' आणि 'परशुराम' असा फरक मात्र उर्फ नव्हे. मराठी नाव कन्नडमध्ये उतरवताना झालेली ती लेखनचूक, तिच्यासाठी उताऱ्यात दुरुस्तीचा अर्ज करावा. तिथे उर्फ घातलं की एका माणसाची कागदावर उगाच दोन नावं होतात, आणि पुढच्या खरेदीपत्रात ती दोन्ही वागवावी लागतात.