वहीवरचे दोन आकडे : मराठी–इंग्रजी अनुवादाचा स्वाध्याय आम्ही कसा तपासतो

आमच्या नौपाड्यातल्या वर्गात येणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून इंग्रजी शिकतात. कुणी दवाखान्यात काम करतं, कुणी सोसायटीच्या ऑफिसात, कुणाचं स्वतःचं दुकान आहे. दर आठवड्याला मराठी उताऱ्याचा इंग्रजी अनुवाद करून आणायचा असतो. तपासलेली वही परत गेली की एक प्रश्न हमखास येतो : "वीसपैकी किती पडले ते सरळ का सांगत नाही? हे दोन वेगळे आकडे कशासाठी?" हे पत्रक त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिला आकडा अर्थाचा, १२ पैकी. दुसरा भाषेच्या नेमकेपणाचा, ८ पैकी. या दुसऱ्या खात्यात फक्त दोन गोष्टी बघतो : क्रियापदाचा काळ आणि आर्टिकल, म्हणजे अ, ॲन, द. मराठीतून इंग्रजीत जाताना सगळ्यात जास्त घसरण या दोन जागी होते. मराठीत आर्टिकल नाहीच, आणि आपले काळ इंग्रजीच्या काळांवर एकास एक बसत नाहीत. स्पेलिंग दुरुस्त करतो, पण त्याचे गुण कापत नाही.

एक उतारा आणि त्याच्या दोन वह्या घेऊन हे दाखवतो. उतारा आणि दोन्ही वह्या या पत्रकासाठी आम्ही तयार केल्या आहेत. चुका मात्र वर्गात नेहमी दिसणाऱ्याच आहेत.

"सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. एका बाईंनी तलावपाळीजवळ रिक्षा थांबवली. कासारवडवलीला जायला रिक्षावाल्याने पावणेदोनशे रुपये सांगितले. बाई म्हणाल्या, 'माझ्याकडे थोडेच पैसे आहेत.' तेवढ्यात मागून बाइक आली आणि बाई पडता पडता वाचल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, 'तू मला आधी सांगायला हवं होतंस.'"

पहिल्या वहीत असं लिहिलं आहे : "इन मॉर्निंग रेन जस्ट स्टॉप्स. लेडी स्टॉप्ड रिक्षा निअर तलावपाळी. ड्रायव्हर आस्क्ड फॉर वन हंड्रेड सेव्हंटी-फाइव्ह रुपीज टू गो टू कासारवडवली. लेडी सेड, आय हॅव ओन्ली अ लिटल मनी. देन अ बाइक कम्स फ्रॉम बिहाइंड अँड लेडी ऑलमोस्ट फेल. हर सन सेड, यू शुड हॅव टोल्ड मी अर्लिअर."

दुसऱ्या वहीत असं : "इन द मॉर्निंग द रेन हॅड जस्ट स्टॉप्ड. अ लेडी स्टॉप्ड अ रिक्षा निअर तलावपाळी. द ड्रायव्हर आस्क्ड फॉर टू हंड्रेड ट्वेंटी-फाइव्ह रुपीज टू गो टू कासारवडवली. द लेडी सेड, आय हॅव अ लिटल मनी. देन अ बाइक केम फ्रॉम बिहाइंड अँड द लेडी फेल बट सर्व्हाइव्ह्ड. हर सन सेड, यू वॉन्टेड टू टेल मी अर्लिअर."

आता लाल पेनाने प्रत्येक चुकीला एक गुण कापून पाहा. पहिल्या वहीत सात ठिकाणी आर्टिकल गळलंय आणि दोन ठिकाणी काळ चुकलाय. एकूण नऊ खुणा, म्हणजे २० पैकी ११. दुसऱ्या वहीत चारच खुणा, म्हणजे १६. वही स्वच्छ दिसते, वाक्यं इंग्रजी वळणाची आहेत. पण त्या सकाळी काय घडलं, ते पहिल्या वहीतून पूर्ण कळतं. दुसरी वही वाचणाऱ्याला भाडं ५० रुपयांनी जास्त कळतं, बाईंकडे थोडेफार पैसे आहेत असं वाटतं, त्या रस्त्यावर पडल्या असं वाटतं, आणि मुलाची तक्रार काय होती ते तर कळतच नाही. अशा वहीला १६ देणं आम्हाला पटत नाही.

म्हणून पहिलं वाचन मराठी उतारा बाजूला ठेवून होतं. ज्या शिक्षकाने तो उतारा पाहिलेला नाही, तो फक्त इंग्रजी वाचतो आणि काय घडलं ते मराठीत एकेका ओळीत लिहून काढतो. मग ते मूळ उताऱ्याशी ताडून पाहतो. जिथे घटना, माणूस, आकडा, वेळ किंवा म्हणणं बदललं, तिथे अर्थाची चूक. वाचताना अडखळायला झालं, पण हाती तेच लागलं, तर ती दुसऱ्या खात्यातली. चूक एकाच खात्यात धरतो, दोन्हीकडे कापत नाही.

सहा वाक्यं, प्रत्येकाला अर्थाचे २ गुण. वाक्याचा गाभा पोहोचला आणि एक तपशील बिघडला, तर १. पहिल्या वहीला १२ पैकी १२. दुसऱ्या वहीत पहिली दोन वाक्यं पूर्ण, त्याचे ४. तिसऱ्यात भाडं सांगणं पोहोचलं, आकडा चुकला, १ गुण. पाचव्यात बाइक आली हे पोहोचलं, बाईंचं चुकलं, १ गुण. चौथ्या आणि सहाव्या वाक्यात बोललेलं म्हणणं हाच गाभा आहे आणि तोच बदलला, म्हणून शून्य. एकूण १२ पैकी ६. दुसऱ्या खात्यात प्रत्येक घसरणीला अर्धा गुण जातो. त्यामुळे पहिल्या वहीला ८ पैकी साडेतीन, आणि दुसरीला पूर्ण ८.

बेरीज केली तर साडेपंधरा आणि चौदा, म्हणजे दोघं जवळपास सारखेच! इतक्या वेगळ्या दोन वह्या एका आकड्यात अशा मिसळून जातात. म्हणूनच बेरीज आम्ही लिहीत नाही.

दुसऱ्या वहीतल्या चुका कुठून आल्या, हे पाहण्यासारखं आहे. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाऊणशंभर नव्हे, पाव शंभर कमी : १७५. लिहिणाऱ्याने सव्वादोनशे धरले. "थोडेच" मधला च गळला. एका अक्षराचा तो प्रत्यय पूर्ण वाक्याचा रोख ठरवतो, आणि इंग्रजीत त्याच्यासाठी ओन्ली असा वेगळा शब्द आणावा लागतो, म्हणून घाईत तो हमखास राहतो. "वाचल्या" चा अर्थ जीव वाचला असा घेतला, पण "पडता पडता वाचणं" म्हणजे पडायची वेळ आली होती, पडल्या नाहीत. "सांगायला हवं होतंस" मधलं हवं इच्छेचं समजलं गेलं. ते कर्तव्याचं आहे, आणि शिवाय न केलेल्या गोष्टीबद्दलचं आहे. यातली एकही चूक इंग्रजीच्या व्याकरणाची नाही. चारही मराठी वाक्य उलगडताना झाल्या आहेत, आणि इंग्रजी व्याकरणाचे कितीही तक्ते पाठ केले तरी त्या जाणार नाहीत.

पहिल्या वहीच्या सात खुणांमागे मात्र एकच कारण आहे : लिहिणाऱ्याला आर्टिकलची सवय नाही. सात चुका दिसतात म्हणून सात धडे लागत नाहीत. नवी व्यक्ती किंवा वस्तू एकवचनात प्रथम आली तर अ, तीच पुन्हा आली तर द, एवढ्यावर सुरुवातीला काम होतं. आम्ही सांगतो की अनुवाद पूर्ण झाल्यावर एक वेगळी फेरी मारा आणि फक्त नामांवर बोट ठेवत जा. लेडी पहिल्यांदा आली, अ लेडी. पुन्हा आली, द लेडी.

तर मग काळ आणि आर्टिकल नेहमी किरकोळ खात्यातच जातात का? नाही, आणि तपासताना सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो. "मी दोन वर्षांपासून ठाण्यात राहतोय" याचं कुणी "आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टू इयर्स" केलं, तर ते इंग्रजी चुकीचं आहे, पण माणूस अजून ठाण्यातच राहतो हे कळतं. काळाची घसरण, अर्धा गुण. (सिन्सच्या जागी फॉर हवं, ते दुरुस्त करतो, पण कापत नाही.) आता "मी दोन वर्षं ठाण्यात राहत होतो" घ्या. याचं "आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टू इयर्स" केलं, तर व्याकरणात काहीच खोट नाही. तरीही ही अर्थाची चूक आहे, कारण ठाणे सोडून गेलेला माणूस कागदावर अजून इथेच राहतोय. तसंच "बँकेने कर्ज मंजूर केलं आहे" हे भविष्यकाळात गेलं, तर ती काळाची चूक आम्ही अर्थाच्या खात्यात टाकतो.

आर्टिकलचंही तसंच. "सोसायटीच्या मीटिंगला काही लोक आले" याचं "अ फ्यू पीपल केम" होतं. तो अ गळला आणि "फ्यू पीपल केम" राहिलं, तर वाचणाऱ्याला मीटिंगला जवळजवळ कुणी आलंच नाही असं कळतं. एका अक्षराने हजेरी बदलली, म्हणून ही अर्थाची चूक. लिटल आणि अ लिटल यांच्यातही हाच फरक आहे. दुसऱ्या वहीच्या चौथ्या वाक्यात ओन्ली नाही आणि अ आहे, म्हणून बाईंची अडचण उलट दिलाशासारखी वाचली जाते.

घसरणी इतक्या साचल्या की शिक्षकाला वाक्याचं डोकं-शेपूट लागेना, तर त्या वाक्याचे अर्थाचे गुणही जातात. आणि मूळ मराठी वाक्यच दोन अर्थांचं असेल, तर दोन्ही अनुवाद बरोबर धरतो. नुसतं "परवा" लिहिलं तर ते मागचं की पुढचं कळत नाही; "परवा मामा आले" किंवा "परवा मामा येणार" यातलं क्रियापद ते ठरवतं. ते क्रियापद हाताशी असताना उलटा दिवस लिहिला, तर मात्र अर्थाची चूक.

चुकीचं वजन अर्थावर ठरवण्याची रीत व्यावसायिक अनुवादाच्या परीक्षांतही आहे. अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनच्या प्रमाणपत्र परीक्षेत चुकीला १, २, ४, ८ किंवा १६ दोषगुण लागतात, आणि वाचकाच्या आकलनाला ती जितका धक्का देते तितका आकडा चढत जातो. आमची रीत शिकणाऱ्यांसाठी सोपी केलेली आहे. तिची मर्यादाही सांगतो : सहा वाक्यांच्या एका उताऱ्यावरून कुणाची पातळी ठरत नाही. सलग चार-पाच वह्यांतले आकडे शेजारी ठेवले की कल कळतो.

वहीत अर्थाच्या चुकीखाली सरळ रेघ असते, काळाच्या चुकीखाली नागमोडी, आणि आर्टिकल गळलं तिथे छोटा त्रिकोण. अर्थाचा आकडा ८ च्या खाली असेल तर पुढचा स्वाध्याय नव्या उताऱ्याचा नसतो. त्याच उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याखाली आधी मराठीतच लिहायचं : कुणी केलं, किती, कधी, घडलं की घडता घडता राहिलं. त्यानंतरच इंग्रजी. अर्थाचा आकडा चांगला आणि दुसरा ४ च्या खाली असेल तर नवा उतारा मिळतो, सोबत नामांची वेगळी फेरी.

एखादी रेघ चुकीच्या खात्यात गेली असं वाटलं, तर वही परत मिळाल्यापासून आठवड्याभरात आणा. ते वाक्य उतारा न पाहिलेल्या दुसऱ्या शिक्षकाला तुमच्यासमोर वाचायला देऊ. त्यांना मूळ अर्थ लागला, तर खूण दुसऱ्या खात्यात जाईल आणि आकडा तिथेच बदलून मिळेल.